‘डिपेन्डन्ट’ : ‘ए’ की ‘ई’?

वकिलीच्या आरंभी एका मृत कामगाराच्या विधवेसाठी आम्ही इंग्रजीत भरपाईचा अर्ज लिहिला. ‘डिपेन्डन्ट’मध्ये शेवटून तिसरे अक्षर ‘ए’ की ‘ई’, हे उच्चारावरून कळेना. ज्येष्ठांनी १९२३ चा कामगार भरपाई कायदा उघडला. तेथे अवलंबित व्यक्ती, म्हणजे नाम, ‘ए’ने लिहिलेले होते. ‘ती पतीवर अवलंबून होती’ यातील विशेषणास मात्र ‘ई’. फ्रेंचमधून ‘ए’ आला, लॅटिनमधून ‘ई’. तेव्हापासून आम्ही अनेकवचनाचा ‘एस’ लावून पाहतो. लागला तर नाम, म्हणून ‘ए’. अमेरिकेत दोन्हीकडे ‘ई’च रूढ आहे. ‘इंडिपेन्डन्स’, ‘एक्झिस्टन्स’ या नामांत मात्र सर्वत्र ‘ई’च, तेथे ही कसोटी लावू नये.