'रणांगण'मधली पिन

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. माझ्या नेहमीच्या विक्रेत्याकडे वाचून झालेलं पुस्तक परत दिलं की अर्धे पैसे मिळतात, त्यामुळे एकेक पुस्तक कितीतरी घरं पाहून येतं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' मला तिथेच मिळालं. १९३९ साली आलेली ही कादंबरी म्हणजे युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांच्यात फुललेलं, बोटीपुरतंच आयुष्य लाभलेलं प्रेम.

आत घडी घातलेली चिठ्ठी होती. 'पुस्तक परत करायची घाई करू नका. तुम्ही आलात की आई चहा टाकायला मलाच आत पाठवते. पुढे एका पानात माझी केसाची पिन राहिली आहे, ती मात्र स्वतः आणून द्या. आणि चक्रधरसारखा विचार करत बसू नका.' खाली नाव नाही. एवढ्या धीट मुलीनं 'तुम्ही' मात्र सोडलं नव्हतं, आणि त्या 'तुम्ही'मुळेच चिठ्ठीला गोडी आली होती.

चिठ्ठीचा कागद हलका होता. अशा कागदातलं आम्ल हळूहळू शेजारच्या पानांत उतरतं, म्हणून दोन्ही पानांवर तिच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटला होता. चौकोनाच्या कडा रेखीव होत्या, म्हणजे चिठ्ठी वर्षानुवर्षं हललेली नव्हती. मग ती त्याच्या हाती पडली तरी होती का? मी पानं उलटत गेले. एका पानावर गंजाच्या दोन समांतर रेघा होत्या, पण पिन नव्हती. शेजारी पेन्सिलीनं, अगदी फिकट, कुणीतरी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

माझ्याआधी कुणीतरी हाच शोध घेतला होता, आणि चिठ्ठी पुन्हा त्या चौकोनावर तंतोतंत ठेवून पुस्तक परत केलं होतं. तेवढ्यावरूनच मला तो माणूस आवडला. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ''ते शनिवारी येतात.''

शनिवारी मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी थेट गंजाचं पान उघडलं. ''एवढा गंज चढायला वर्षं लागली असणार,'' ते म्हणाले, ''पिन नंतर कुणा तिऱ्हाइतानं काढली. तो आलाच नाही.'' मला ते मुळीच पटेना. मुंबईच्या हवेत लोखंडाला वर्षं कशाला हवीत?

शेवटी आम्ही एका फाटक्या जुन्या पुस्तकात तशीच साधी लोखंडी पिन अडकवून ते जूनमध्ये माझ्या खिडकीशी ठेवलं. ते बघण्याच्या निमित्ताने ते येऊ लागले, चहा मीच टाकू लागले. गणपतीच्या सुमाराला पिन काढली तेव्हा पानावर दोन रेघा उमटल्या होत्या, मूळच्यांपेक्षा थोड्या फिक्या.

एवढ्यानं तो आला असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण एका पावसाळ्यात डाग पडतो, तेव्हा तो आला असणं शक्य आहे. ते अजून म्हणतात की इतके दिवस थांबला तो माणूस कसला. मी म्हणते, घाई करू नका असं तिनंच लिहिलं होतं. लग्नानंतरही आमचा हा वाद मिटलेला नाही.