पत्थरगट्टीतला ऊद आणि माझी एक सही

आपल्या ग्रुपवर जुन्या हैदराबादच्या आठवणी निघाल्या, म्हणून ही एक माझीही.

आमच्या काचीगुड्याच्या घरी आई दर गुरुवारी निखाऱ्यावर ऊद घालायची. पांढरट-तांबूस खडे, भरपूर धूर. मला वाटायचं, अत्तरवाले ‘ऊद’ म्हणतात तो हाच. या गैरसमजाची किंमत मी पुढे बँकेत मोजली.

ऐंशीच्या दशकात एका अत्तरवाल्याला मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट दिलं होतं. तपासणीला मी गेलो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये चाळीस तोळे ऊदाचं तेल. बाटल्या मोजल्या, झाकण उघडून हुंगलं, वास दणकट आला, सही केली. दीड वर्षात खातं बुडालं. माल विकायला काढला तेव्हा चाळीसपैकी जेमतेम तीन तोळे खरा ऊद निघाला. मला मेमो मिळाला. त्यात चूक काही नव्हतं. सही माझीच होती.

त्यानंतर पत्थरगट्टीतल्या एका बुजुर्ग अत्तरवाल्यांकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, “साब, आपके घर का ऊद तो लोबान है. हमारा ऊद लकडी है.” लोबान हा वेगळ्याच झाडाचा डिंक. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि अत्तरवाल्यांचा ऊद म्हणजे आपल्या संस्कृतातलं अगरू. आपण उदबत्ती म्हणतो आणि अगरबत्तीही म्हणतो, त्यात हे दोन्ही ऊद शेजारी बसलेत!

त्यांनी दोन तुकडे हातात दिले. एक फिकट, हलका, जवळजवळ बिनवासाचा. दुसरा काळपट आणि जड. दोन्ही एकाच जातीच्या झाडाचे, आसामात त्याला सासी म्हणतात. निरोगी झाडाला सुगंध नसतो. अळी खोडात भोक पाडते, त्यातून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवायला त्या भागात गडद राळ भरतं. ती राळ मुरलेलं लाकूड म्हणजे ऊद. उत्तम तुकडा इतका जड की पाण्यात बुडतो.

महागाईचं मूळ इथेच आहे. प्रत्येक झाडात राळ होत नाही, झाली तरी मुरायला वर्षं लागतात, आणि आत किती आहे ते बाहेरून नक्की कळत नाही. म्हणून माणसांनी जंगलात सरसकट झाडं तोडली. शेवटी 1995 पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. आता लागवड होते, खोडाला मुद्दाम बुरशी लावतात. पण कोवळ्या राळेला जुन्याची खोली नाही.

तेल काढणं आणखी जिकिरीचं. होजाईकडे लाकडाचा भुगा कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, मग भट्टीवर दिवसरात्र वाफेने तेल काढतात. बुजुर्गांचा हिशेब असा, की शंभर किलो बऱ्या लाकडातून दहा-बारा तोळे तेल निघालं तर नशीब. मी बँकेचा माणूस, लगेच उलटा हिशेब केला: चाळीस तोळ्यांना साडेतीनशे किलोच्या आसपास लाकूड हवं. त्या पार्टीच्या खरेदीच्या बिलांत एवढं लाकूड नव्हतंच, तयार तेलाचंही बिल नव्हतं. नाकाने हुंगण्याआधी मी वही बघायला हवी होती.

मग नक्कल कशी होते? त्यांनी हसत एक बाटली पुढे केली. वास ओळखीचा वाटला, पण नाव आठवेना. “नागरमोथा!” दिवाळीच्या उटण्यातला आपला नागरमोथा! त्याच्या तेलाला लाकडी, धुरकट वास असतो. त्यात पाचोळी, थोडं वाळा, रासायनिक सुगंध आणि वजनाला बिनवासाचं पॅराफिन घातलं की झाला ‘ऊद’. याहून चलाख भेसळ म्हणजे खऱ्या झाडाच्याच राळ नसलेल्या पांढऱ्या लाकडाचं स्वस्त तेल. आसामात त्याला बोया म्हणतात.

त्यांनी माझ्या खिशातल्या टिपकागदावर दोन थेंब ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहिलं. नकलीचा वास तोच, फक्त फिका, आणि भोवती तेलाचा पसरट डाग. खऱ्याचा वास मात्र रात्रीतून बदलला होता. आधी गोठ्यासारखा उग्र, मग चामड्यासारखा, सकाळी गोडसर लाकडी. पण ते लगेच म्हणाले, की या कागदाने ढोबळ नक्कल पकडता येते. बोया मिसळलेला असेल तर मुरलेलं नाक किंवा प्रयोगशाळाच हवी.

परवा नातवाने दुबईहून ऊद लिहिलेला स्प्रे आणला. मी कागदावर मारून रात्रभर ठेवला. सकाळी वास तोच, फिका. नातू हिरमुसला. म्हटलं, “अरे, दीड हजारात खरा ऊद मिळत नसतो. वास आवडला ना? मग सुगंध म्हणून वापर. फसवणूक होते ती हाच माल ऊदाच्या भावाने विकला तर.”

तो टिपकागद बरीच वर्षं माझ्या डायरीत होता, मेमोच्या शेजारी. तुमच्या घरी ऊद म्हणजे लोबान की अगरू? जरूर लिहा.