मुखपृष्ठ जोडूनही पान १४३ जागेवर ठेवणे

तयार पीडीएफमध्ये पानाला दोन क्रमांक असतात. पहिला पानावर छापलेला असतो. तो मजकुराचाच भाग असतो आणि पुढे-मागे कितीही पाने जोडली तरी बदलत नाही. दुसरा क्रमांक पीडीएफ उघडल्यावर वरच्या चौकटीत दिसतो. फाइलमध्ये वेगळी सूचना नसेल, तर तो केवळ कितवे पान आहे एवढेच सांगतो. मुखपृष्ठ जोडल्यावर बिघडतो तो हा दुसरा क्रमांक. छापलेला आकडा शाबूत असल्यामुळे हा बिघाड जोडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो कळतो वाचकाला.

एका गावाच्या इतिहासग्रंथाबाबत नेमके हेच झाले. पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे आणि २५६ पानांचे होते. शीर्षकपानापासून सलग क्रमांक दिलेले होते. अक्षरजुळणी जुन्या काळी पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झाली होती. मूळ फाइल हरवली होती आणि हाती फक्त पीडीएफ उरली होती. अशा फॉन्टमधील पीडीएफमध्ये मराठी शब्द टाइप करून शोधता येत नाही. त्यामुळे घराणी, देवस्थाने आणि पाणवठे यांची शेवटी दिलेली सूची हाच त्यांच्या उल्लेखांपर्यंत पोहोचण्याचा एकमेव मार्ग होता. चित्रकाराने काढलेले मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ ए-४ आकारात स्कॅन केलेले होते. ते या पीडीएफला जोडायचे होते.

पहिल्यांदा हे काम सर्वत्र चालते त्या पद्धतीने झाले. तिन्ही फाइली एकत्र करून ‘प्रिंट’मधून नवी पीडीएफ काढण्यात आली. प्रिंट करताना कागदाचा एकच आकार निवडावा लागतो. तो ए-४ निवडला गेला आणि आतले प्रत्येक पान त्यात बसवण्यासाठी सुमारे ३८ टक्क्यांनी मोठे झाले. पुस्तकाचे मूळ माप गेले. प्रिंटमधून फक्त पानाचे दृश्य रूप पुढे जाते, म्हणून अनुक्रमणिकेतील दुवे आणि बाजूच्या पट्टीतील बुकमार्क नाहीसे झाले. पुढे एक पान वाढल्याने सगळे एकेकाने सरकले. सूचीत १४३ पाहून वाचक चौकटीत १४३ टाइप करी आणि समोर येई छापील १४२.

यानंतर जे घडले ते अन्यायाचे होते. वाचकांनी दोष दिला सूचीला. ‘सूची चुकीची आहे’ असे कळवले गेले, आणि एका ज्येष्ठ सूचीकाराला आपल्या सर्व नोंदी पुन्हा तपासायला बसवले गेले. त्यांची एकही नोंद चुकलेली नव्हती. प्रत्येक क्रमांकात एक मिळवून सूची ‘सुधारावी’, अशीही सूचना आली. ती मानली असती तर छापील प्रत आणि पीडीएफ यांच्या सूच्या कायमच्या वेगळ्या झाल्या असत्या, आणि त्या ग्रंथाचा पुढे कोणी दिलेला प्रत्येक संदर्भ संशयास्पद ठरला असता. पान चुकीचे उघडत असेल तर आधी सूचीतला आकडा छापलेले पान शोधून पाहावे. नोंदीचा मजकूर तिथे असेल, तर सूचीला हात लावू नये.

योग्य पद्धतीत प्रिंटचा संबंध येत नाही. पीडीएफमध्ये प्रत्येक पान आपला आकार स्वतःसोबत बाळगते. हा आकार पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. डेमी पान ३९६ बाय ६१२ पॉइंटचे, तर ए-४ सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंटचे असते. दोन्ही आकार एकाच फाइलमध्ये सुखाने राहू शकतात. पाने जशीच्या तशी उचलून ओळीत लावणारे साधन मात्र हवे. qpdf हे त्यासाठीचे मुक्त साधन आहे.

पुढे एकच पान जोडले तर डावी-उजवी बाजू उलटते. शीर्षकपान उजवीकडे असायला हवे, ते डावीकडे जाते. दोन पाने शेजारी ठेवून वाचताना किंवा पाठपोट छापताना हे लगेच दिसते. छापील पुस्तकाच्या आवरणाला चार बाजू असतात आणि पीडीएफमध्येही त्या चारच ठेवाव्यात. मुखपृष्ठ आणि त्याची कोरी आतली बाजू पुढे, मलपृष्ठाची कोरी आतली बाजू आणि मलपृष्ठ मागे. अशा रीतीने mukh.pdf आणि mal.pdf या दोन-दोन पानांच्या फाइली तयार होतात. स्कॅनची पीडीएफ करताना माप स्पष्टपणे ए-४ द्यावे. ३०० डीपीआयच्या ए-४ स्कॅनमध्ये साधारण २४८० बाय ३५०८ बिंदू असतात. साधनाने एका बिंदूला एक पॉइंट धरले, तर मुखपृष्ठ जवळपास तीन फूट रुंद होते.

मग ग्रंथाच्या मूळ पीडीएफला, म्हणजे granth.pdf ला, जोडणी करावी:

```
qpdf granth.pdf --pages mukh.pdf . mal.pdf -- jodlela.pdf
```

सुरुवातीला granth.pdf लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण बुकमार्क आणि फाइलची माहिती त्या पहिल्या फाइलमधून घेतली जाते. मधला टिंब म्हणजे तीच फाइल. सुरुवातीला mukh.pdf लिहून टिंबाच्या जागी granth.pdf दिली तर पाने बरोबर लागतात, पण बुकमार्क हरवतात. अनुक्रमणिकेतील दुवे क्रमांकाकडे नव्हे, तर प्रत्यक्ष पानाकडे बोट दाखवतात. त्यामुळे पुढे दोन पाने आली तरी ते चुकत नाहीत.

आता फाइलमध्ये २६० पाने आहेत. चौकटीतील क्रमांक छापील क्रमांकाशी जुळवण्यासाठी पानांना लेबले द्यावी लागतात:

```
qpdf jodlela.pdf --set-page-labels 1:D/1/C- 3:D 259:D/3/C- -- purna.pdf
```

पहिल्या दोन पानांना C-1 आणि C-2 ही लेबले मिळतात. तिसऱ्या पानापासून साधी मोजणी १ पासून सुरू होऊन २५६ पर्यंत जाते. शेवटची दोन पाने C-3 आणि C-4 होतात. D म्हणजे साधे आकडे. लहान r लिहिल्यास लहान रोमन आकडे येतात. qpdfच्या जुन्या आवृत्त्यांत हा पर्याय नाही.

खात्री करताना तीन गोष्टी पाहाव्यात. चौकटीत १४३ लिहिल्यावर छापील १४३ उघडले पाहिजे. अनुक्रमणिकेतील शेवटचा दुवा योग्य प्रकरणावर गेला पाहिजे. आणि पानांची मापे वेगवेगळीच राहिली पाहिजेत:

```
pdfinfo -f 1 -l 260 purna.pdf
```

या पद्धतीला मर्यादा आहेत. लेबलांच्या ठरलेल्या प्रकारांत देवनागरी आकडे नाहीत, म्हणून पानावर ‘१४३’ छापलेले असले तरी चौकटीत 143 दिसते. प्रस्तावनेची पाने ‘एक, दोन, तीन’ अशी शब्दांत असतील, तर प्रत्येक पानाला वेगळे लेबल द्यावे लागते. काही ब्राउझर लेबले दाखवत नाहीत आणि तिथे दोन पानांचा फरक उरतोच. दुव्याच्या शेवटी #page=143 लिहिले असेल, तर तेही कितवे पान एवढेच मोजते, म्हणून असे जुने दुवे #page=145 करावे लागतात. फाइलवर डिजिटल सही असेल तर पाने जोडताच ती बाद होते. अशा फाइलला आधी आवरण जोडावे, सही नंतर करावी.

ग्रंथाची नवी फाइल या रीतीने तयार झाली तेव्हा सूचीतील एकही आकडा बदलावा लागला नाही. मूळ granth.pdf मात्र टाकून देऊ नये. पुढच्या आवृत्तीचे आवरण जोडायचे ते तिलाच.