सुस्काऱ्यांचा हिशेब

कादंबरी लिहायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ती वाचून होते दोन-तीन संध्याकाळींत. पुनरुक्तीचं मूळ कारण या फरकात आहे. तिसऱ्या प्रकरणात नायकाने सुस्कारा सोडला तेव्हा उन्हाळा होता, नवव्या प्रकरणात सोडला तेव्हा पुढचा पावसाळा आला होता. लेखकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे सुस्कारे असतात. वाचकाला ते तासाभराच्या अंतराने भेटतात आणि त्याला वाटतं, या माणसाला दुसरं काही येतच नाही. लेखकाला न दिसणारं हे अंतर मोजणं हा कथात्म साहित्याच्या संपादनातला, वाक्यावाक्यावरून हात फिरवण्याच्या टप्प्यातला, माझा मुख्य उद्योग आहे.

पहिलं वाचन मी हातात पेन्सिल न घेता करते. दुसऱ्या वाचनात शेजारी एक कोरा कागद असतो. जे पुन्हा आलंसं वाटतं ते त्यावर उतरवत जाते. त्याचे तीन गट आपोआप पडतात. पहिल्यात लेखकाचे लाडके शब्द, म्हणजे धूसर, खिन्न, रिकामं असे. दुसऱ्यात भरतीचे शब्द: खरं तर, अगदी, जणू, नकळत, काहीसं, क्षणभर, एक प्रकारचं. तिसऱ्या गटात हावभाव: सुस्कारे, आवंढे, उंचावलेल्या भुवया, पाणावलेल्या कडा, खांद्यावर ठेवलेले हात आणि खिडकीबाहेर लागलेल्या नजरा.

मग संगणकावर शोध. इथे मराठीची विभक्ती आडवी येते. ‘सुस्कारा’ शोधलं तर ‘सुस्कारे’ आणि ‘सुस्काऱ्याने’ सुटतात, म्हणून ‘सुस्का’ एवढाच तुकडा शोधायचा. उलट ‘हस’ शोधलं तर हसण्याबरोबर साहस आणि रहस्यही हाती लागतात, आणि ‘मान’ शोधताना सामान, अनुमान, समान सगळे येतात. ते नुसत्या डोळ्यांनी वगळावे लागतात. फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर आधी ती बदलून घ्यावी लागते, नाहीतर शोध चालतच नाही. आणि कुठलाही शोध अर्थ ओळखत नाही. सुस्कारा, उसासा, निःश्वास हे संगणकाला तीन शब्द आहेत. वाचकाला मात्र तीच छाती तसाच श्वास सोडताना दिसते. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा प्रतिशब्द बसवणं हा पुनरुक्तीवरचा उपाय नव्हे. त्याने शब्द बदलतो, कृती तीच राहते.

किती वेळा म्हणजे जास्त, याचं एक उत्तर नाही. ‘म्हणाला’ पानावर दहा वेळा आला तरी वाचक तो ओलांडून पुढे जातो. तिथे ‘उद्गारला’, ‘पुटपुटला’, ‘उत्तरला’ अशी आलटापालट केली तर मात्र तो अडखळतो. याउलट ‘धूसर’ शंभर पानांत दोनदा आला तरी दुसऱ्या वेळी पहिला आठवतो. शब्द जितका दुर्मीळ, तितकी त्याची आठवण लांबते.

आता एक उतारा घेऊ. हा कुठल्या हस्तलिखितातला नाही, उदाहरणासाठी मी बांधला आहे, पण यातला प्रत्येक अवयव मला वारंवार भेटतो. भाऊ-बहीण वडिलोपार्जित घराच्या कागदांपुढे बसले आहेत आणि आपण भावाच्या नजरेतून पाहतो आहोत.

वसंताने एक दीर्घ सुस्कारा सोडला. तो क्षणभर थांबला. खरं तर त्याला हे अगदी अपेक्षितच होतं. “म्हणजे तू सही करणारच नाहीस तर?” त्याने हळूच विचारलं. सुमनने नकळत पदराशी चाळा केला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. “मी तसं म्हटलेलं नाही, दादा,” ती काहीशा थकलेल्या आवाजात म्हणाली. वसंताने मान हलवली. क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग त्याने पुन्हा एक सुस्कारा सोडला आणि कागद गुंडाळायला सुरुवात केली.

संवादाची वाक्यं दोन, हालचाली मात्र अर्ध्या डझनाहून अधिक. एकेका शब्दाला आणि हालचालीला प्रश्न विचारू. ‘खरं तर’ म्हणायला आधी काहीतरी खोटं किंवा वेगळं भासलेलं असावं लागतं. इथे तसं काही नाही, म्हणून ते जातं. ‘अगदी’ आणि ‘अपेक्षितच’मधला ‘च’ एकच काम करतात, आणि ‘अपेक्षित’ला दोघांचीही गरज नाही. ‘नकळत’ कोणाच्या नकळत? आपण वसंताच्या डोक्यात आहोत, बहिणीला काय कळलं नि काय नाही हे त्याला कसं ठाऊक? खिडकीबाहेर काहीच नाही. सुमनला भावाची नजर टाळायची आहे आणि ते काम पदर करतोच आहे. ‘मान हलवली’ यातून होकार की नकार ते कळत नाही. ‘गुंडाळायला सुरुवात केली’ म्हटलं की मध्येच कोणीतरी थांबवणार असं वाटतं, पण थांबवत कोणीच नाही. म्हणजे त्याने कागद गुंडाळले, एवढंच.

हे वसंताला अपेक्षित होतं. “म्हणजे तू सही करणारच नाहीस तर?”

सुमन पदराशी चाळा करत राहिली. “मी तसं म्हटलेलं नाही, दादा.”

वसंताने थोडा वेळ वाट पाहिली. मग कागद गुंडाळले.

61 शब्दांचे 28 झाले. ‘करणारच’मधला ‘च’ मी ठेवला, कारण तो बोलण्यातला आहे. सुमनचा हट्ट वसंताने आधीच गृहीत धरला आहे, हे त्या एका अक्षरात कळतं. निवेदनात फुकट जाणारा शब्द संवादात माणूस उभा करतो. एखादं पात्र दर वाक्याला ‘काय आहे ना’ म्हणत असेल आणि दुसरं कोणी म्हणत नसेल, तर त्याला हात लावायचा नाही. सगळीच पात्रं म्हणायला लागली की ती लेखकाची सवय असते.

सुस्कारे दोन्ही गेले, पण ‘दोन्ही काढा’ असा नियम त्यातून निघत नाही. हावभाव बहुतेकदा तिथे येतो जिथे लेखकाला संवादात विराम हवा होता, पण पात्राला काय वाटतंय हे त्याने अजून ठरवलेलं नव्हतं. इथल्या दुसऱ्या सुस्काऱ्यात वसंता चिडला आहे, हरला आहे की सुटला आहे? मी समासात नेमकं हेच विचारते, आणि माझे बदल लेखकाला दिसतील असेच ठेवते. ‘सुटला आहे’ असं उत्तर आलं, तर सुस्कारा परत येतो. मग मात्र आजूबाजूच्या प्रकरणांतले सुस्कारे काढावेच लागतात, नाहीतर हा एक ऐकू येणार नाही. त्यासाठी सापडलेल्या सगळ्या जागा मी प्रकरणवार एका कागदावर मांडते आणि लेखकाला म्हणते, यातल्या ज्या काढल्या तर गोष्ट बदलेल, तेवढ्यांवर खूण करा. खुणा थोड्याच होतात.

एवढं झाल्यावरही काम संपत नाही. सुस्कारे गेल्यावर त्यांच्या जागी काहीतरी बसवलेलं असतं. वरच्या उताऱ्यात वसंताने ‘वाट पाहिली’. हीच युक्ती आणखी वीस ठिकाणी वापरली गेली, तर सुस्काऱ्यांच्या कादंबरीची वाट पाहणाऱ्यांची कादंबरी होते, आणि या वेळी पुनरुक्ती लेखकाची नसते, संपादकाची असते. म्हणून छपाईला जाण्यापूर्वीचा शेवटचा शोध मी लेखकाच्या शब्दांचा घेत नाही, मी सुचवलेल्या शब्दांचा घेते.