दोन कप चहा

आई गेल्यावर बाबा पुण्याला येईनात. ‘तासगाव सोडून काय करू?’ फोनवर एवढंच.

मार्चमध्ये, बेदाण्याच्या सीझनला, न कळवताच घरी गेले. संध्याकाळचे सहा. समोर गणपतीच्या देवळाचं सातमजली गोपुर, आणि गॅलरीत बाबा नि शेजारच्या काकू. मध्ये स्टुलावर दोन कप, वाटीत बेदाणे.

‘यांची साखर बंद केलीय मी,’ काकू म्हणाल्या. आईनं किती सांगितलं, तेव्हा ऐकलं नव्हतं! खरं सांगते, राग आला.

रात्री विचारलं, ‘बाबा, लोक काय म्हणतील?’

‘लोक सहा वाजता चहाला येत नाहीत गं.’

सकाळी निघताना आईचा पाहुण्यांसाठी जपलेला कपांचा सेट काढला, धुतला आणि गॅलरीतल्या स्टुलावर ठेवला. दोनच कप.