उंबऱ्यावरची शिकार

आमची मांजर सोनी शिकार घेऊन येते तेव्हा तिची चाल पाहावी. मान उंच, कारण उंदराचे पाय पुढच्या पायांत अडकता कामा नयेत. मिशा पुढे वळून उंदराच्या अंगाला टेकलेल्या असतात; इतक्या जवळचं तिला नीट दिसत नाही, म्हणून तो अजून हलतोय का हे ती मिशांनी जोखते. आणि भरल्या तोंडातून एक लांब, दबका हाकारा घालते. दूध मागताना ती असा आवाज कधी काढत नाही. मग उंदीर उंबऱ्यावर ठेवते आणि आमच्याकडे बघत बसते. आजी म्हणते, "खाल्ल्या मिठाला जागतेय ग बिचारी."

आजीचं बोलणं खोडून काढायला जीव होत नाही. पण खरं काय चाललेलं असतं, ते मला त्याहून लोभस वाटतं.

तो हाकारा मुळात पिल्लांसाठीचा. पाउल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकाने मांजरांच्या शिकारीचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. पिल्लं महिन्याची होत आली की आई आधी मेलेली शिकार आणून त्यांच्यापुढे टाकते, पुढे जिवंत आणते आणि मारण्याचं काम त्यांच्यावर सोपवते. यावरून, मांजर आपल्यालाही अडाणी पिल्लं समजून शिकवतं, असं अनेकजण सांगतात. कल्पना गोड आहे, पण पुरती पटत नाही. ज्यांनी कधी पिल्लांना भरवलं नाही असे बोकेही शिकार घरी आणतात. त्यांचं काय?

मला जास्त पटतो तो 1976 साली रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी मांडलेला प्रयोग. आवडीचं खाणं खात असलेल्या मांजरांपुढे उंदीर सोडला. मांजरं खाणं टाकून उठली, उंदीर मारला, तो ताटलीपाशी ओढून आणला आणि पुन्हा ताटलीतलंच खायला लागली. आपल्या उंबऱ्यावरचा सगळा प्रसंग इथे उलगडतो. मांजराची भूक आणि शिकारीची ओढ एका दोरीने बांधलेल्या नाहीत. एका उंदरावर दिवस निघत नाही, आणि बऱ्याच झडपा फुकट जातात. पोटात कावळे ओरडेपर्यंत थांबणारं मांजर जगलंच नसतं.

मग शिकार घरीच का आणायची? खाताना मान खाली जाते, लक्ष उडतं. तेवढ्यात कुत्रा किंवा परका बोका गाठू शकतो. म्हणून मांजर शिकार आपल्या निर्धास्त जागी नेतं. ती जागा म्हणजे आपलं घर. तिथे पोचल्यावर बांगड्याचा वास येतो, वाटीतलं खाणं दिसतं, आणि उंदीर तसाच पडून राहतो. चिचुंद्रीच्या बाबतीत तर हे हमखास होतं. मांजर तिला मारतं, पण तिच्या उग्र वासापायी सहसा खात नाही. दाराशी न कुरतडलेली, अख्खी चिचुंद्री पडलेली असते त्याचं कारण हे.

म्हणजे ती भेट नव्हे. पण आपला उंबरा तिला सगळ्यांत सुरक्षित वाटतो, हे तर खरंच. मला तेवढं पुष्कळ आहे.

आपल्यापर्यंत पोचतं ते थोडंच, हेही लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स शहरी पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहणी झाली. शिकारीपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी आला. निम्म्याच्या आसपास मारल्या जागीच टाकून दिला आणि उरलेला खाल्ला. दाराशी दिसलेल्या चिमणीवरून बाहेरचा हिशेब लागत नाही.

तरी मी सोनीवर ओरडत नाही; ओरडून तिला काही उमगणार नाही. शिकार कमी करायचे उपाय वेगळे आहेत. 2021 साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात धान्य नसलेलं, मांसाहारी प्रथिनांचं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. रोज पाच-दहा मिनिटं पिसाच्या काठीशी खेळवलेल्या मांजरांची पाव हिश्शाने कमी झाली. गळ्यातल्या घंटीचा मात्र ठळक उपयोग दिसला नाही. आपल्याकडे मांजराला दूध-पोळीवर ठेवतात. त्याची मांसाची गरज त्यात कशी भागणार?

कधी पाखरू जिवंत सुटतं. रक्त दिसत नाही, म्हणून ते झाडावर सोडून देण्याचा मोह होतो. पण मांजराच्या दातांची भोकं पिसांखाली दडतात, आणि लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पाखराचा जीव घेऊ शकतात. त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावं, चोचीत पाणी ओतू नये आणि त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं. जंतूंवरचं औषध लवकर मिळालं तर ते वाचण्याची आशा असते.