चौघांचा एक पासवर्ड

आमच्या विंचूरच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात मेलचं खातं एकच होतं आणि ते आम्ही चौघं वापरायचो. पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. नवा माणूस आला की तोच मेसेज त्याला पुढे पाठवायचा. खात्याला दुहेरी पडताळणी होती आणि तिचा ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा. सीझनमध्ये मी बागेत असलो की इकडे पोरांचं काम अडायचं. म्हणून ती पडताळणी मीच बंद केली. तुम्ही इथे नव्याने रुजू झाला आहात, म्हणून त्यानंतर काय घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

एका दुपारी कुरिअर कंपनीच्या नावाने मेल आला. रॉटरडॅमला पाठवलेले कागद अडकलेत, तपशील पाहा. त्याच आठवड्यात आमच्या कंटेनरचं बिल ऑफ लेडिंग आणि फायटो सर्टिफिकेट खरोखर कुरिअरने निघालं होतं, त्यामुळे मला शंका आली नाही. लिंक उघडली तर आमच्या मेलचंच लॉगिनचं पान, आमचा पत्ता आधीच भरलेला. मी पासवर्ड टाकला. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं आलं, म्हणून पुन्हा टाकला, आणि कुरिअरची खरी वेबसाइट उघडली. दोनदा मागायचं कारण आता कळतं: टाइप करताना काही चुकलं असेल तर दुसऱ्या वेळी नीट मिळतं.

एक खूण मात्र तिथेच होती. आमचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता आणि रोज आपोआप भरला जायचा. त्या दिवशी रकाना रिकामा राहिला. ब्राउझर पानाचं रूप पाहत नाही, वरच्या पट्टीतला पत्ता पाहतो. तो पत्ता वेगळा होता म्हणून त्याने पासवर्ड दिला नाही. तो मी हाताने दिला.

तो पासवर्ड घेऊन आमच्या खात्यात शिरलेल्याने काही दिवस आमचे मेल नुसते वाचले. मग सेटिंगमध्ये एक नियम लावला: ‘पेमेंट’, ‘बँक’, ‘इन्व्हॉइस’ हे इंग्रजी शब्द असलेला मेल त्याच्या पत्त्यावर जावा आणि इथे इनबॉक्समध्ये न दिसता कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये पडावा. त्यानंतर त्याने आमच्या खरेदीदाराला आमचंच इन्व्हॉइस पाठवलं, फक्त बँक खातं बदलून. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात `m`च्या जागी `rn` होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अक्षर अक्षर वाचलं तरच फरक कळतो. खरेदीदाराने खात्री करायला आम्हाला मेल केला, तो त्याच फोल्डरमध्ये पडला. उत्तर दुसऱ्याच माणसाने दिलं. एका कंटेनरचे पैसे परक्या खात्यात गेले.

पैसे आले नाहीत म्हणून फोन केला तेव्हा हे उघड झालं. १९३० वर तक्रार दिली, cybercrime.gov.in वरही नोंदवली. पण पैसे परदेशातून परदेशातच गेले होते. ते थांबवण्याची विनंती खरेदीदाराच्या बँकेनेच करायची होती, आणि तोवर बरेच दिवस उलटले होते. थोडीच रक्कम परत मिळाली.

पासवर्ड कोणी दिला, हा प्रश्न आला तेव्हा माझा संशय सगळ्यात नव्या मुलावर गेला आणि चारचौघांत मी त्याला बोललो. लॉगिनच्या नोंदीत आम्हा चौघांचं नाव एकच, त्यामुळे त्याला स्वतःची बाजू दाखवायला काही नव्हतं. पुढे माझ्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझर हिस्टरीत ते खोटं पान सापडलं. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तरी तो सीझन संपल्यावर सोडून गेला. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं, तर त्याच्याकडे बोट दाखवायच्या आधी मला नोंद पाहता आली असती.

दुसरी चूक त्यानंतरची. मी पासवर्ड बदलला आणि विषय मिटला असं धरलं. पण मेल फॉरवर्ड करणारा नियम पासवर्ड बदलल्याने जात नाही. पुढेही आमचा पत्रव्यवहार त्या चोराकडे जातच राहिला. बँकेचा एक मेल आपल्याला आलाच नाही हे फोनवर कळलं, तेव्हा सेटिंग उघडून नियम काढला, सगळीकडचं लॉगिन बंद केलं आणि पडताळणी पुन्हा चालू केली.

मग त्या खात्यात होतं काय, ते बसून पाहिलं. कितीतरी बागायतदारांचे सातबारे, आधारच्या प्रती, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो. निर्यातीच्या बागेची नोंदणी करायची म्हणून त्यांनी पाठवलेले, आणि काम झाल्यावर आम्ही कधी पुसले नव्हते. ते कागद किती जणांच्या हाती गेले, हे सांगता येत नाही. मी प्रत्येकाच्या घरी गेलो, काय झालं ते सांगितलं, आणि तुमच्या नावावर कर्ज किंवा सिमकार्ड निघालंय का याकडे लक्ष ठेवा म्हणालो. निफाडजवळच्या एका काकांनी एवढंच विचारलं, “नोंदणी झाल्यावर माझं आधार ठेवलं कशाला होतं?”

आता नोंदणी झाली की त्याच दिवशी मेलमधली प्रत आणि फोनमधला फोटो दोन्ही काढायचे. बँक खातं बदलल्याचा मेल कुणाकडूनही आला, तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करायचा. आणि मी जरी घाईत असलो आणि तुमचा पासवर्ड मागितला, तरी द्यायचा नाही.